जुन्या फेरफाराचा फोटो: 'मुलाचे' की 'मुलांचे'? फोटोत मात्रा आणि जोडाक्षरं एवढी का फसवतात?

कोरडवाहू
पणजोबा गेल्यावर १९५४ मध्ये जो वारसाचा फेरफार झाला, त्याचा फोटो चुलतभावाने तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढून घरच्या ग्रुपवर टाकला. हाताने लिहिलेली नोंदवही, टाकाची शाई, अक्षर तसं सुबक आहे. पण नेमकी महत्त्वाची ओळ वाचताना घरात दोन तट पडलेत. ओळ अशी: "खातेदार मयत सबब त्याचे मुला(?)चे नांवें सर्व्हे नंबर … दाखल केलें." मोठे काका म्हणतात 'मुलाचे' आहे, म्हणजे थोरल्या आजोबांच्या एकट्याच्या नावे. आमचे बाबा म्हणतात 'मुलांचे' आहे. कंसातला तो ठिपका काहींना दिसतो, काहींना दिसत नाही. 'सर्व्हे'सुद्धा एकाने 'सवै' वाचलं, पण त्यावर भांडण नाही कारण तिथे दुसरं काही असूच शकत नाही.

जमिनीच्या भांडणावर सल्ला नको आहे, त्यासाठी वकील गाठू. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच पानावर कोपऱ्यात इंग्रजी शिक्का आहे, त्याची अक्षरं मराठी अक्षरांच्या निम्मीही नाहीत, तरी तो सरळ वाचता येतो. मग आपलीच अक्षरं फोटोत अशी का विरघळतात?

मिलिंद_७४
साधं आहे, कॅमेरा कमी मेगापिक्सेलचा असणार. चांगल्या फोनने परत काढा, प्रश्न मिटला. आणि आता जो फोटो आहे तो लॅपटॉपवर झूम करून शार्पन मारा, ठिपका असेल तर उठून दिसेल.

सोनचाफा
माझ्याकडेही असंच होतं, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात, वेलांटी भलतीकडेच जाते. फोनमध्ये मराठी फॉन्ट नीट टाकलेला नाहीये तुमच्या. सेटिंग्जमध्ये भाषा बदलून बघा.

कोरडवाहू
@सोनचाफा, ताई, हा टाइप केलेला मजकूर नाही हो, कागदाचा फोटो आहे. फॉन्टचा काही संबंध नाही.

बोरूबहाद्दर
इंग्रजी शिक्क्याचा मुद्दा चांगला पकडलात. तो शिक्का बहुतेक मोठ्या लिपीत, कॅपिटलमध्ये असेल. कॅपिटल अक्षराची ओळख त्याच्या अख्ख्या अंगावर पसरलेली असते. E चा एखादा दात पुसला तरी तो F किंवा E एवढाच गोंधळ होतो, आणि शब्द सावरून घेतो. आपल्याकडे अक्षराचं अंग वेगळं आणि ओळख पटवणाऱ्या खुणा वेगळ्या. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, रकार. हे वरचे-खालचे दोन पट्टे उंचीने अक्षराच्या निम्मेही नसतात, आणि भेद सगळा तिथेच असतो. एक मात्रा की दोन मात्रा, उकाराचा गोल डावीकडे वळला की उजवीकडे, ठिपका आहे की नाही. फोटो लहान केला की अक्षर वाचण्याइतकं उरतं, पण खुणा उरत नाहीत.

तुमच्या 'सर्व्हे'चंच घ्या. त्या एका जागेवर केवढी गर्दी आहे बघा. अर्धा व, त्याला चिकटलेला ह, ह वर मात्रा, आणि त्याच मात्रेशेजारी र चा रफार. मात्रा शिरोरेघेवरून डावीकडे वर जाते, रफार तिथूनच उठून उजवीकडे आकड्यासारखा वळतो. दोघांची बुडं एकाच ठिकाणी. हाताने लिहिताना घाईत तो रफार सरळसोट झाला की दोन काड्या दिसतात, आणि दोन काड्या म्हणजे आपल्या डोळ्याला 'ै'. म्हणून 'सवै' वाचलं गेलं. वाचणाऱ्याने चूक केली असं नाही, तिथे खरंच दोन काड्या उरल्या होत्या. चतु:सीमेतलं 'पूर्वेस' असंच 'पूवैस' दिसतं.

जोडाक्षरांचंही तेच. 'द्ध'मध्ये द च्या पोटाखाली ध लटकतो, 'द्व'मध्ये व. तो लटकलेला भाग अक्षराच्या निम्म्या उंचीचा, आणि ध चं डोकं उघडं की व चा गोल मिटलेला एवढाच फरक. 'विठ्ठल'मधल्या दोन ठ चे गोल एका ठ च्या जागेत बसवलेले असतात. शाई थोडी पसरली, फोटो थोडा हलला की गोलांच्या आतली पांढरी जागा बुजते आणि काळा गठ्ठा उरतो. मराठी माणूस तो गठ्ठा 'विठ्ठल' म्हणूनच वाचतो, कारण 'वि' आणि 'ल'च्या मध्ये दुसरं काय येणार!

कपाट_नं_३
मी एका जुन्या वाचनालयाच्या नियतकालिकांचं स्कॅनिंग करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. @कोरडवाहू, दोन गोष्टी सांगा. तुमच्याकडे आलेल्या फोटोची मापं किती पिक्सेल आहेत? आणि फोटोत नोंदवहीचं एकच पान आहे की उघडी अख्खी वही?

कोरडवाहू
फाईलच्या माहितीत १६०० × १२०० दिसतंय. वही उघडून दोन्ही पानं आडवी घेतलीत, कडेला टेबलही थोडं दिसतं. वहीची रुंदी भावाला विचारली, म्हणाला दोन वितींच्या जरा आतच.

कपाट_नं_३
मग हिशेब करू. फोटोत टेबलासकट रुंदी साधारण ४०० मिलिमीटर धरा. १६०० भागिले ४००, म्हणजे कागदाच्या एका मिलिमीटरला चार पिक्सेल मिळाले. हाताने लिहिलेलं अक्षर शिरोरेघेपासून पायापर्यंत चार मिलिमीटरचं असेल तर त्याला सोळा पिक्सेल. वाचायला पुरेसे आहेत, म्हणून तुम्हाला 'म', 'ल', 'च' सगळं वाचता येतंय. पण टाकाच्या टोकाने दिलेला अनुस्वार असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे दोन पिक्सेल रुंद, दोन उंच. तुमच्या घरातलं भांडण चार पिक्सेलांवर चाललंय.

आणि ते चार पिक्सेलही काळेभोर नसतात. लेन्स किंचित हलली, फोटो लहान करताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळले, की तीच शाई सोळा पिक्सेलांवर पसरते. अंकात सांगतो. फोटोत पांढरा म्हणजे २५५, काळा म्हणजे ०. जुना पिवळट कागद साधारण १९० आणि शाई ७० धरली तर फरक १२० चा. तोच ठिपका चौपट जागेत पसरला की फरक उरतो ३०. आता तुमच्या फोटोतला कोरा कागद मोठा करून बघा. डाग, कागदाचे तंतू, मागच्या पानाची झिरपलेली शाई, यांनीही वीस-तीसचा फरक सहज पडतो. म्हणून एकाला ठिपका दिसतो आणि दुसऱ्याला डाग.

@मिलिंद_७४, कॅमेरा गरीब असेल असं मला वाटत नाही. साध्या बारा मेगापिक्सेलच्या फोनचा मूळ फोटो ४००० × ३००० असतो. त्यात हाच ठिपका पाच पिक्सेल रुंद असता, म्हणजे चारऐवजी पंचवीस पिक्सेल. ग्रुपवर पाठवताना तो छोटा झाला आणि वर जेपेगमध्ये दाबला गेला. जेपेग चित्राचे आठ-आठ पिक्सेलचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार सगळ्यात आधी टाकून देतं. इथे तो चौकोन म्हणजे कागदावरचे दोन मिलिमीटर. एकाच चौकोनात शिरोरेघेचा तुकडा, ला चा काना, पुढच्या 'चे'च्या मात्रेचं टोक आणि तुमचा ठिपका. शिरोरेघ जाड आणि ठळक, ती राहते. तिच्या कडेने जी हलकी वळवळ उमटते ती ठिपक्याला खाऊ शकते किंवा नसलेला ठिपका दाखवू शकते.

शार्पन मारू नका. फोनने ते फोटो काढतानाच एकदा मारलेलं असतं. त्याने काळ्या रेघेच्या कडेला पांढरी किनार तयार होते, आणि शिरोरेघेच्या वर ती किनार नेमकी तिथेच येते जिथे अनुस्वार बसतो.

मिलिंद_७४
किनारीचं पटलं. पण शार्पन अगदीच निरुपयोगी म्हणणं जास्त होतंय. पावत्यांवरचे फिकट आकडे मी रोज असेच वाचतो आणि बरोबर येतात.

कपाट_नं_३
आकडा जागेवर आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं, फक्त कोणता ते बघायचं असतं. ठिपका आहे की नाही हाच प्रश्न असेल तेव्हा शार्पनची साक्ष मी धरत नाही. तुम्ही धरा.

वाळूतलं_जहाज
मी दुबईत असतो. आमचं आडनाव कऱ्हाडे. बाबांच्या शाळेच्या जुन्या दाखल्याचा फोटो भाषांतरासाठी पाठवला होता, तर परत आलं Kahade. मी म्हटलं र कुठे गेला, तर म्हणे कागदावर नाहीच! मूळ दाखला भावाने बघितला, तर र व्यवस्थित आहे. पुढे प्रतिज्ञापत्र, परत शुल्क, सगळं आलंच. भाषांतरकार मराठीच होता हे विशेष.

बोरूबहाद्दर
तो ऱ्ह चा र म्हणजे एक आडवी छोटी काडी, ह च्या डावीकडे चिकटलेली. उंची जवळपास शून्य. लहान फोटोत तिचा एक तर डॅश होतो किंवा ती ह च्या पोटात जाते. टंकलेखनात ही काडी नसायची तेव्हा लोक सर्रास 'क-हाडे', 'शेतक-यांना' असं डॅश देऊन टाइप करायचे, त्यामुळे डोळ्यालाही डॅश दिसला तरी खटकत नाही. आणि भाषांतरकार मराठी असला तरी आडनावात काय करणार? 'शेतकऱ्यांना'मधली काडी पुसली तर वाक्य सांगतं. आडनावाला वाक्य नसतं.

सगळ्यात वाईट जोडी 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. एकात र डोक्यावर रफार होऊन बसलाय, दुसऱ्यात पोटाशी काडी होऊन. दोन्ही खुणा गेल्या तर लग्नात दक्षिणा कुणाला द्यायची आणि पगार कुणाला, पत्ताच लागणार नाही.

चावडीकर
तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. पिक्सेल मला कळत नाही, पण वही कळते. चार गोष्टी लक्षात घ्या.

जुने लिहिणारे बरेच जण आधी ओळ लिहीत, मग शिरोरेघ ओढत, आणि मात्रा-अनुस्वार शेवटी देत. त्यामुळे ठिपका आपल्या अक्षरावर बसेलच असं नाही, अर्धं अक्षर पुढे सरकलेला असतो. 'मुलांचे'मधला ठिपका 'चे'च्या मात्रेच्या टोकाला चिकटलेला मी शेकडो वेळा पाहिला आहे. च चा काना उजवीकडे, मात्रा तिथून निघून डावीकडे झुकते, म्हणजे तिचं टोक येतं ला च्या कान्याजवळ. टोक जाड दिसलं तर नुसती मात्रा समजू नका.

दुसरं, १९५४ चा कागद म्हणजे जुनं शुद्धलेखन. 'नांवें', 'केलें', 'त्यानें' असे न उच्चारायचे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. त्याआधीच्या कागदात ठिपके भरपूर. म्हणून ठिपका कुठल्या अक्षरावर आहे ते महत्त्वाचं. 'मुलाचें' असेल तर तो नपुंसकलिंगी एकवचनाचा ठिपका, 'मुलांचे' असेल तर अनेक मुलगे. ठिपका दोन्हीत एकच, जागा बोटभरसुद्धा नाही, कणभर वेगळी.

तिसरं, नावाच्या पुढे 'ए. कु. मॅ.' आहे का बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर. तसं असेल तर नाव एकट्या थोरल्याचं लागलं तरी जमीन एकत्र कुटुंबाची धरलेली असते, मग 'मुलाचे' असलं म्हणून धाकट्यांचा हक्क गेला असं होत नाही. वकिलाला हे आधी दाखवा.

चौथं आठवलं की लिहितो.

कोरडवाहू
काका, 'ए. कु. मॅ.' सारखं काहीतरी आहे! पण 'मॅ'वरचा चंद्र दिसत नाही, 'ए. कु. मा.' किंवा 'ए. कु. म.' असं काही दिसतंय.

चावडीकर
'ए. कु.' च्या पुढे म सारखं दिसतंय तर तो 'मॅ'च असणार. पण मी फोटोवरून शपथ घेणार नाही.

कपाट_नं_३
चावडीकरांच्या 'नांवें, केलें'मुळे तुमचं काम सोपं झालं. त्या एका ठिपक्याकडे टक लावून काही होणार नाही. त्याच पानावर, त्याच हाताने लिहिलेले असे शब्द शोधा जिथे अनुस्वार असलाच पाहिजे. 'नंबर', 'नांवें', 'केलें', 'संमती', जे सापडेल ते. तिथले ठिपके फोटोत दिसतात का ते बघा. सगळे ठिपके स्वच्छ दिसत असतील आणि 'मुला' वरच दिसत नसेल, तर 'मुलाचे' म्हणायला आधार आहे. पण खात्रीचे ठिपकेही गायब असतील, तर 'मुला' वर ठिपका न दिसण्याला काही किंमत नाही. फोटो त्या बाबतीत मुकाच आहे असं समजा.

उलटही करा. जिथे अनुस्वार असूच शकत नाही तिथे, म्हणजे 'खातेदार', 'मयत', 'सबब' वर, ठिपक्यासारखं काही दिसतं का? तिथेही दिसत असेल तर कागदावर डाग आहेत, आणि बाबांच्या बाजूचाही पुरावा पातळ झाला.

मोठ्या चुका होतात त्या याच जागी होतात, आणि गाजावाजा न होता होतात. 'सवै' कुणीतरी लगेच दुरुस्त करतं. 'मुलाचे' आणि 'मुलांचे' दोन्ही धड शब्द आहेत, त्यामुळे डोळा अडखळत नाही. ज्याच्या मनात जे असतं ते तो वाचतो आणि आपण वाचलंच नाही, भरून काढलं, हे त्याला कळतही नाही. आम्ही मासिकांच्या सूची करतो तेव्हा 'दिन'-'दीन', 'सुत'-'सूत' अशा जोड्या मूळ अंकावरून पुन्हा तपासतो. बाकीच्या चुका वाचतानाच सापडतात.

कोरडवाहू
रात्री बसून बहिणीने आणि मी वेगवेगळं मोजलं. तिला भांडणात रस नाही, म्हणून तिची मोजणी जास्त धरा. खात्रीच्या जागांपैकी 'नंबर' वरचा ठिपका दोघांनाही स्पष्ट दिसला. 'नांवें'मध्ये ना वरचा दिसतो, वें वरचा मात्रेत गेलाय. 'केलें' वरचा अजिबात नाही. वरच्या ओळीतल्या 'त्यांनी' वर काहीतरी राखाडी आहे. उलट तपासणीत 'मयत'च्या म वर एक ठिपका निघाला जो असायला नको!

म्हणजे मात्रेला लागून असलेले ठिपके या फोटोत हरवतात, आणि एकटे असलेले दिसतात. 'मुला(ं)चे' मधला मात्रेला लागून आहे.

कपाट_नं_३
बरोबर काढलंत. या फोटोवरून निर्णय होत नाही, दोन्ही बाजूंनी. भावाच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे का?

कोरडवाहू
आहे. त्याला फाईल म्हणून पाठवायला सांगितलं, ४००० × ३००० आली. 'केलें' वरचा ठिपका आता दिसतो. 'मुला'च्या जागी मात्रेचं टोक फुगलेलं आहे हे नक्की, पण टोक आहे की चिकटलेला ठिपका यावर पुन्हा दोन मतं. हात हलल्यामुळे सगळ्याच खुणा तिरप्या दिशेने जरा ओढल्यासारख्या दिसतात. 'ए. कु. मॅ.' मात्र स्पष्ट आला, चंद्रासकट.

मिलिंद_७४
म्हणजे शेवटी परत फोटो काढायलाच हवा, मी पहिल्यांदा तेच म्हटलं होतं.

कपाट_नं_३
परत काढा, पण त्याच फोनने चालेल. अख्खी वही घेऊ नका. ती एक नोंद, साधारण दीड वीत लांब-रुंद असेल, तेवढीच चौकटीत भरा. ३०० मिलिमीटरला ४००० पिक्सेल म्हणजे मिलिमीटरला तेरा, स्कॅनरच्या ३०० डीपीआयपेक्षा थोडं जास्तच. मग त्या तीन शब्दांचा वेगळा, जवळून. अगदी जवळ गेलात की फोकस सुटतो, तेव्हा थोडं मागे येऊन काढा. कोपर टेबलावर टेकवा, फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने. पाठवताना फाईल म्हणून पाठवा. 'ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन' करणारी अॅप वापरू नका. ती प्रत्येक पिक्सेलला काळा की पांढरा असा निकाल लावून टाकतात आणि तुमच्या राखाडी ठिपक्याला कायमचा पांढरा करून मोकळी होतात. पान मात्र इतकं स्वच्छ दिसतं की पुढच्या माणसाला शंकाही येत नाही.

सोनचाफा
हे शेवटचं माझ्या कामाचं. लेकीच्या गृहपाठाचे फोटो मी तसलेच काढून पाठवते, बाई म्हणतात अनुस्वार देत नाही!

चावडीकर
चौथं आठवलं. नक्कल मागताना मूळ पानाची झेरॉक्स किंवा स्कॅनची प्रत मागा. जुनी हस्तलिखित नक्कल कुणाकडे असेल तर तिच्यावर विसंबू नका. ती कारकुनाने वाचून उतरवलेली असते, त्याने ठिपका पाहिला असेल तर दिला असेल, नसेल तर नाही. 'आपले अभिलेख' संकेतस्थळावरही बघा, काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन तिथे आले आहेत. आणि त्याच फेरफाराच्या नंतरचा सातबारा काढा. कब्जेदाराच्या रकान्यात एक नाव आहे की तीन, ते वाचायला अनुस्वार लागत नाही.

कोरडवाहू
अर्ज दिलाय. सातबाऱ्याचंही सांगितलं भावाला. मोठे काका म्हणतात सातबाऱ्यावर एकच नाव आहे, बाबा म्हणतात पुढे ए. कु. मॅ. आहे. आले कागद की इथे टाकतो, फाईल म्हणून.